स्वारगेटच्या बसथांब्यावर प्रवाशांचं सर्वेक्षण करायचंय. 'दर दहावा माणूस घ्या' असं सरांनी सांगितलंय. म्हणजे प्रत्यक्षात नेमकं काय करायचं?

दहा हा आकडा आधी ठरवू नका, तो गर्दीवरून निघतो. पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून माणसं मोजा. समजा ६० आली, म्हणजे तासाला २४०. एक मुलाखत, ओळख करून देणं आणि फॉर्म पूर्ण करणं धरून सहा मिनिटं लागत असतील, तर एका माणसाच्या तासाला दहाच मुलाखती होतील. २४० भागिले १०, म्हणजे दर चोविसावा. दहावा धरलात तर अडीच मिनिटांनी पुढचा येईल आणि तुम्ही अजून आधीच्याशीच बोलत असाल. मग मोजणी सुटते, आणि मोकळे झालात की समोर जो बरा, बोलका दिसेल त्याला गाठता. नेमकं हेच टाळायला नियम केलेला असतो.

मोजायचं कोणाला? थांब्यावर उभ्या असलेल्यांना नाही. ज्यांची बस उशिरा येते ते जास्त वेळ उभे असतात, म्हणून तेच जास्त सापडतात, आणि 'बस किती वेळात मिळते?' याचं उत्तर उगाच वाईट येतं. थांब्याकडे येणाऱ्या वाटेवर फरशीची एखादी रेघ धरा आणि ती ओलांडणाऱ्यांना मोजा. वाटा दोन असतील तर दोन्हीकडे. सुरुवात कितव्यापासून, ते १ ते २४ मधली चिठ्ठी काढून ठरवा.

माणसं दोन हवीत. एक मोजणार आणि 'त्या निळ्या छत्रीवाल्या काकू' असं सांगणार; दुसरा फक्त विचारणार. निवड विचारणाऱ्याच्या हातात राहता कामा नये. समजा या काकू चोविसाव्या होत्या आणि 'वेळ नाही' म्हणाल्या, तर पंचविसाव्याला पकडू नका. नकार म्हणून नोंदवा, बाई-पुरुष आणि अंदाजे वय लिहा, अठ्ठेचाळिसाव्याची वाट पाहा. ऐन गर्दीत एक मुलाखत चालू असतानाच पुढचा नंबर आला, तर तो 'सुटला' म्हणून लिहा. असे बरेच सुटले तर संध्याकाळची गर्दी तुमच्या नमुन्यात कमी पडेल. तासातासाची मोजणी हाताशी असेल तर नंतर त्या तासांच्या उत्तरांना जास्त भार देऊन ते सावरता येतं.

नियम पाळला गेला का, हे कागदावर कळतं. मोजणाऱ्याने रेघ ओलांडणाऱ्या सगळ्यांच्या बाई-पुरुष अशा खुणा करत राहायचं. समजा त्यात बायका ४० टक्के आहेत, पण निवडलेल्यांत २५ टक्केच, आणि निवडलेले शंभरेक तरी आहेत. मग बहुधा मोजणीत कोणीतरी निवड केलीय. निवडलेल्यांत ४० पण उत्तर देणाऱ्यांत २५ असतील, तर अडचण नकारांची आहे. तिथे मुलींना विचारायला पाठवून फरक पडतो का ते बघा.

आणि दर कितवा माणूस घ्यायचा तो आकडा, म्हणजे n, फार मोठा झाला की घसरगुंडी वाढते. अमेरिकेतल्या २००४ च्या मतदानोत्तर चाचण्या डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरींच्या बाजूला झुकल्या होत्या. नंतरच्या तपासणीत, जिथे बऱ्याच मतदारांमागे एकाला विचारायचं होतं आणि जिथे विचारणारे तरुण होते, तिथे चूक जास्त दिसली. त्यामुळे गर्दी फार असेल तर n वाढवण्यापेक्षा विचारणारा आणखी एक जण उभा करा.