ग्रहमैत्री पाच, एकूण साडेसतरा

प्रश्न: माझे आणि मुलाचे २५ गुण जुळतायत, नाडीही वेगळी आहे. तरी आमचे गुरुजी ग्रहमैत्रीला अर्धाच गुण आहे म्हणून नको म्हणतात. एकूण गुणांपेक्षा ग्रहमैत्री मोठी असते का?

हो, मोठी असते. ग्रहमैत्री म्हणजे दोघांच्या राशीस्वामींचं नातं. आणि २५ आकडा दिसत असताना जे गुरुजी नको म्हणायची हिंमत करतात, ते कोष्टक नुसतं वाचत नाहीत, समजून घेतात. हे मी इतक्या ठामपणे लिहितेय, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात २००३ साली जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

माझी मेष रास, भरणी नक्षत्र, पहिला चरण. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायचो. माझ्या लग्नाची सूत्रं मामांच्या हातात होती. त्यांनी वाशीचं एक स्थळ आणलं होतं, मिथुन रास, आर्द्रा नक्षत्र. २६ गुण. मामा खूश होते. त्याच सुमारास आईच्या मैत्रिणीने एक स्थळ सुचवलं, वृश्चिक रास, विशाखाचा चौथा चरण. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर कुंडलीच्या दुकानातून मामांनी छापील कागद आणला, त्यावर एकूण ३६ पैकी १७.५. खाली तांबड्या शाईत 'भकूट दोष, गण दोष'. मामांनी कागद दुमडला आणि म्हणाले, "अठराच्या खाली मी पत्रिका हातात धरत नाही."

आईला ते पटलं नाही. तिने दोन्ही कागद पाचपाखाडीतल्या आमच्या जुन्या गुरुजींकडे नेले. मामा आणि मीही बरोबर गेलो. गुरुजींनी एकूण आकड्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आठही कूटं, म्हणजे ज्यांच्या गुणांची बेरीज होते ते आठ घटक, एकाखाली एक लिहून काढली आणि पेन्सिलने २६ आणि १७.५ कुठून आले ते दाखवलं.

वाशीच्या स्थळात नाडी ८, भकूट ७, गण ६. हेच झाले २१. उरलेले पाच तारा, योनी, वश्य वगैरेंतून किरकोळीने जमलेले. त्यातच ग्रहमैत्रीचा अर्धा. माझ्या राशीचा स्वामी मंगळ, त्याच्या राशीचा बुध. मंगळ बुधाला शत्रू मानतो, बुध मंगळाला सम मानतो. एकीकडे शत्रू, दुसरीकडे सम, म्हणून अर्धा गुण.

हे एकतर्फी कसं, असं मी तेव्हा विचारलं होतं. गुरुजींचं उत्तर मला आजही पाठ आहे. प्रत्येक ग्रहाच्या मूलत्रिकोण राशीपासून २, ४, ५, ८, ९, १२ या स्थानांचे स्वामी आणि त्याच्या उच्च राशीचा स्वामी हे त्याचे मित्र, बाकीच्यांचे स्वामी शत्रू, आणि ज्याची एक रास इकडे आणि एक तिकडे पडते तो सम. मंगळाची मूलत्रिकोण रास मेष. तिथून मिथुन तिसरी, कन्या सहावी. बुधाच्या दोन्ही राशी यादीबाहेर, म्हणून शत्रू. आता बुधाच्या कन्येपासून मोजा. मेष आठवी, ती यादीत. वृश्चिक तिसरी, ती बाहेर. म्हणून मंगळ त्याला सम. मैत्रीचं कोष्टक कुणी मनाने ठरवलेलं नाही, ते असं मोजून निघतं.

वृश्चिकेच्या स्थळात नाडी ८, ग्रहमैत्री ५, तारा दीड, वर्ण १, योनी आणि वश्य मिळून २. भकूट शून्य, गण शून्य. म्हणजे १३ गुण दोनच जागी गेलेले. पण ते का गेले? भकूट दोन राशींमधलं अंतर बघतं. मेषेपासून वृश्चिक आठवी आणि वृश्चिकेपासून मेष सहावी, म्हणून षडाष्टक. आता आपलं पंचांग उघडा. त्यात षडाष्टक एक नसतं, दोन असतात, प्रीती षडाष्टक आणि मृत्यू षडाष्टक. मेष-वृश्चिक, वृषभ-तूळ, मिथुन-मकर, कर्क-धनु, सिंह-मीन, कन्या-कुंभ या सहा जोड्या प्रीतीच्या. मेष-कन्या, वृषभ-धनु, मिथुन-वृश्चिक, कर्क-कुंभ, सिंह-मकर, तूळ-मीन या मृत्यूच्या. अंतर सगळ्यांचं तेच, सहा-आठ. मग वेगळं काय? राशीस्वामी. पहिल्या सहांत ग्रहमैत्री चार किंवा पाच निघते, दुसऱ्या सहांत शून्य किंवा अर्धा. स्वतः पडताळून पाहा, एकही जोडी चुकणार नाही.

गुणांच्या बेरजेत मात्र दोन्ही षडाष्टकांना सारखाच शून्य. ज्याला परंपरा प्रीती म्हणते आणि ज्याला मृत्यू म्हणते, ते कोष्टकात एकाच शून्यात बसतात.

हेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. ग्रहमैत्री ही आठातली एक आहे म्हणून नव्हे, तर बाकीची कूटं कशी वाचायची ते ती ठरवते म्हणून जाणकार तिला वर ठेवतात. मुहूर्तचिंतामणीसारख्या ग्रंथात स्पष्ट आहे की भकूट दुष्ट असलं तरी दोन्ही राशींचा स्वामी एकच असेल किंवा स्वामी मित्र असतील तर विवाह शुभ. गणदोषालाही राशीस्वामींची मैत्री हा परिहार, म्हणजे दोष घालवणारी गोष्ट, मानतात. आता हिशोब करा. ग्रहमैत्रीचे स्वतःचे ५, भकूटाचे ७, गणाचे ६, असे ३६ पैकी १८ गुण या एका गोष्टीच्या हुकमतीखाली येतात. पण सॉफ्टवेअर परिहार झाला तरी गेलेले गुण बेरजेत परत मांडत नाही. फार तर खाली एक ओळ छापतं, आणि ती ओळ कुणी वाचत नाही.

आणि दुसरं, चंद्र म्हणजे मन. मनाच्या राशीचे मालक एकमेकांशी कसे वागतात, हे आठांपैकी एवढं एकच कूट विचारतं. माझा अनुभव सांगते. वाशीचा मुलगा कांदेपोह्याला आला होता, शिकलेला, सभ्य. मी एक वाक्य बोलले की तो त्यातला तपशील सुधारून द्यायचा. "ठाण्याहून वाशीला थेट गाडी नाही" म्हणाले, तर बदली कुठे, किती मिनिटं, हे सगळं त्याने मला मांडून दाखवलं. त्याला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. माझं मात्र डोकं तापत होतं. बुधाला मंगळ सम असतो आणि मंगळाला बुध शत्रू, हे मला त्या अर्ध्या तासात पटलं.

गुरुजींकडे मामांनी शेवटचा प्रयत्न केला. वृश्चिकेच्या मुलाचा चरण नुकताच लागला होता. मामा म्हणाले, "जन्मवेळ तासाभराने मागेपुढे असेल तर?" गुरुजींनी लगेच करून दाखवलं. विशाखाचे पहिले तीन चरण तुळेत, चौथा वृश्चिकेत. तासभर मागे गेलं तर मुलगा तूळ राशीचा होतो, मेष-तूळ समसप्तक, भकूटाचे सात पूर्ण मिळतात, वर्णाचा एक जातो, आणि ग्रहमैत्री पाचावरून तीनवर येते कारण मंगळ-शुक्र एकमेकांना सम. एकूण साडेएकवीस. मामा म्हणाले, "मग चालेल की!" गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. "अहो, स्वामींचं नातं आत्ता आहे त्यापेक्षा पातळ झालं, आणि तुम्हाला आता चालतंय?"

यावर मामांकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. माझं लग्न त्याच वृश्चिकेच्या मुलाशी झालं, आम्ही ऐरोलीत राहतो. भांडतो, दोघंही मंगळाचे, आवाज शेजारी जातो. पण एकाला राग का आला हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

आता तुमच्या अर्ध्या गुणाबद्दल. गुरुजींना एक विचारा, अंशस्वामी, म्हणजे नवमांश राशींचे स्वामी, पाहिले का? नक्षत्राचा प्रत्येक चरण म्हणजे एक नवमांश, तेव्हा चरण माहीत असला की चंद्राची नवमांश रास लगेच कळते. राशीस्वामींचं जमत नसेल आणि नवमांश स्वामी मित्र असतील, तर तो ग्रहमैत्रीचा परिहार धरतात. माझं भरणी पहिला चरण म्हणजे सिंह नवमांश, स्वामी रवी. वाशीच्या मुलाचा आर्द्रा दुसरा चरण, मकर नवमांश, शनी. रवी-शनी परस्पर शत्रू, म्हणजे तिथे परिहारही नव्हता. माझ्या नवऱ्याचं विशाखा चौथा चरण, कर्क नवमांश, चंद्र. रवी-चंद्र परस्पर मित्र. तुमच्याकडे असं काही निघालं, तर तुमच्या २५ गुणांना बळ आहे. नाही निघालं, तर गुरुजींचं ऐका.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. नाडीदोष ग्रहमैत्रीने जात नाही, त्याचे परिहार वेगळे, त्यामुळे मैत्री पाच असली तरी नाडी स्वतंत्रच बघायची. योनी आणि वश्याचे गुण पंचांगागणिक थोडे हलतात, तेव्हा एखाद-दोन गुणांवरून कागद नाकारू नका. गुणमेलनात फक्त नैसर्गिक मैत्री धरतात. प्रत्यक्ष कुंडलीत ग्रह कुठे बसलेत त्यावरून तात्कालिक मैत्री वेगळी निघते, आणि नैसर्गिक शत्रू तिथे समापर्यंत येऊ शकतात. मुलाचं व्यसन, कर्ज, घरातली माणसं हे तर कुठलंच कूट सांगत नाही, ते चौकशी करूनच कळतं. आणि ज्याचा पत्रिकेवर विश्वास नाही त्याच्यावर यातलं काहीही लादू नये.

पण ज्यांचा विश्वास आहे त्यांनी निदान ती नीट वाचावी. मामा सध्या नातीसाठी स्थळं बघतायत. गेल्या आठवड्यात नेरुळचा एक चांगला मुलगा १७ गुण म्हणून बाजूला ठेवला. मुलगी कर्क, मुलगा धनु. मी फोनवर सांगितलं, "मामा, हे प्रीती षडाष्टक आहे, गुरू-चंद्राची मैत्री चार गुणांची आहे, आधी नाडी बघा आणि मग नाही म्हणा." ते म्हणाले, "अठरा ते अठराच." त्यांच्या सुनेला मी आठही कूटांचा कागद पाठवलाय. तुम्हीही तुमचा तसाच काढा, आणि दोघांचे चरण इथे लिहिलेत तर नवमांश मी बघून सांगते.