दरपत्रकं वाचताना एवढं बघ

टिळकवाडीत पार्लर टाकतेयस, आजूबाजूच्या दरपत्रकांचे फोटो जमवलेस, बरं केलंस. पण नुसते आकडे जुळवू नकोस. एकीकडे हेअरकट २५०, दुसरीकडे ४००. गिऱ्हाईक म्हणून स्वतः जाऊन बस, मग कळेल: ४०० मध्ये केस धुणं नि ब्लो ड्राय धरलेलं असतं, २५० वाली त्याचे वेगळे १५० लावते. म्हणजे दर एकच की!

आयब्रोचा दर बायकांना पाठ असतो, तो शेजारच्यांइतकाच ठेव. मी शहापुरात सुरुवातीला ५० चे ३० केले. समोरचीनं आठवड्यात २५ वर आणले. दोघींच्या खुर्च्या भरलेल्या, गल्ले रिकामे. परत ५० वर यायला दीड वर्ष गेलं बघ.

वेगळेपणा फेशियलमध्ये दाखव. कुठलं सामान, किती मिनिटं ते बोर्डावर लिही. समज दर ८००, सामान १८०, हाती ६२०. वीस टक्के सूट दिलीस की १६० गेले, उरले ४६०. कमाईचा चौथा हिस्सा गेला. त्यापेक्षा उद्घाटनाला दहा मिनिटांचा हेड मसाज फुकट दे, आणि शेवटची तारीख ठळक घाल. दर आहे तोच राहतो, समोरचीलाही उतरायचं कारण मिळत नाही.