सर्टिफिकेट लावल्यापासून फक्त शाखेतलं वायफाय अडकतंय

प्रश्न: आमच्याकडे ८०२.१एक्स आहे. आधी पीईएपी होतं, यूजरनेम-पासवर्डवर सगळीकडे व्यवस्थित चालायचं. आता ईएपी-टीएलएसवर गेलो. मुख्य ऑफिसात लॅपटॉप दोन सेकंदांत जोडला जातो, तोच लॅपटॉप शाखेत नेला की अडकून बसतो. रेडियस सर्व्हर एकच, व्हीपीएनच्या पलीकडे. लॉगमध्ये ना Accept ना Reject. ॲक्सेस पॉइंट बदलू का?

उत्तर:

ॲक्सेस पॉइंट बदलू नका, सर्टिफिकेटंही पुन्हा काढू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून लॅपटॉपचं सर्टिफिकेट घेऊन निघालेलं रेडियस पॅकेट व्हीपीएनच्या वाटेवर हरवत असणार. पॅकेट १५०० बाइटांपेक्षा मोठं होतं, त्याचे आयपी तुकडे पडतात आणि वाटेतलं कुणीतरी ते तुकडे टाकून देतं. हे कशावरून म्हणतो ते सांगतो, आणि खात्री कशी करायची तेही.

यात तीन पात्रं आहेत. लॅपटॉपमधला सप्लिकंट, ॲक्सेस पॉइंट हा ऑथेंटिकेटर, आणि रेडियस हा ऑथेंटिकेशन सर्व्हर. ओळख पटवण्याचं सगळं बोलणं पहिल्या आणि तिसऱ्यात चालतं. मधल्याला त्यातलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. लॅपटॉप ॲक्सेस पॉइंटशी असोसिएट झाला की त्याच्यासाठी एक आभासी पोर्ट तयार होतो. त्या पोर्टातून तूर्त फक्त ईएपीओएल फ्रेम जाऊ शकतात, डीएचसीपीसुद्धा नाही. ॲक्सेस पॉइंट त्या फ्रेममधला ईएपी संदेश काढतो, जसाच्या तसा रेडियसच्या `Access-Request` मध्ये भरतो आणि यूडीपी १८१२ वर सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरचं उत्तर `Access-Challenge` म्हणून येतं, ते उलट्या वाटेने लॅपटॉपकडे जातं. `Access-Accept` आला तरच दार उघडायचं, एवढंच त्याला ठाऊक.

म्हणजे एका बाजूला हवेतली फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला व्हीपीएनमधून जाणारं यूडीपी पॅकेट. आतला ईएपी संदेश तोच, पण बाहेरचं आवरण वेगळं. तुमचा घोळ या दुसऱ्या आवरणात आहे.

ईएपी-टीएलएसमध्ये सुरुवातीचे संदेश लहान असतात. आधी ओळख सांगायची, मग लॅपटॉपचा ClientHello. पुढे सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट पाठवतो. ते मोठं असतं, पण फ्रीरेडियस मुळात १०२४ बाइटांचे तुकडे करून पाठवतो, त्यामुळे ते निभावून जातं. प्रत्येक तुकड्याला लॅपटॉप फक्त ६ बाइटांची पोच देतो. इथपर्यंत शाखेतही सगळं सुरळीत चालतं. मग लॅपटॉपची पाळी येते आणि त्याला स्वतःचं सर्टिफिकेट पाठवायचं असतं.

आता हिशेब करू. २०४८ बिटांची आरएसए सर्टिफिकेटं असतील, तर लॅपटॉपचं आणि मधल्या सीएचं मिळून सहज ३ केबीच्या आसपास जातं. लिनक्सवरचा wpa_supplicant त्याचे १३९८ बाइटांचे ईएपी तुकडे करतो. बाकीच्या सप्लिकंटचा आकडा थोडा वेगळा असेल, पण साधारण त्याच घरातला. रेडियसच्या एका `EAP-Message` ॲट्रिब्यूटमध्ये २५३ बाइटच मावतात, म्हणून १३९८ साठी सहा ॲट्रिब्यूट लागतात. प्रत्येकाच्या डोक्यावर २ बाइट, झाले १४१०. त्यावर रेडियसचं हेडर २०, `Message-Authenticator` १८, शिवाय `State`, `User-Name`, लॅपटॉपचा मॅक पत्ता, एसएसआयडीसकट ॲक्सेस पॉइंटचा पत्ता आणि किरकोळ दोन-चार ॲट्रिब्यूट. हे सगळं धरून १६००च्या आसपास होतं. आयपी आणि यूडीपीचे २८ वेगळेच.

हवेत १३९८चा संदेश सहज मावला होता. रेडियसचं आवरण चढल्यावर तो १५००च्या वर गेला, म्हणून ॲक्सेस पॉइंटने त्याचे दोन आयपी तुकडे केले. पहिला मोठा, दुसरा शे-सव्वाशे बाइटांचा. दुसऱ्या तुकड्यात यूडीपीचं हेडर नसतं, त्यामुळे पोर्ट नंबरही नसतो. फायरवॉलचा नियम ‘१८१२ जाऊ द्या’ असा असेल आणि तो तुकडे जोडून बघत नसेल, तर हा बिनपोर्टचा तुकडा त्याला अनोळखी वाटतो. काही फायरवॉलवर सगळे तुकडे सरसकट टाकण्याचा पर्यायच चालू असतो. मुख्य ऑफिसात ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर यांच्यामध्ये असं कुणी नाही, म्हणून तिथे चालतं.

पीईएपी शाखेत का चालत होतं, तेही यातच आलं. पीईएपीत लॅपटॉप सर्टिफिकेट पाठवतच नाही. त्याचा कुठलाच संदेश एवढा मोठा होत नाही. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट हीच.

आता खात्री. सर्व्हरवर पॅकेट पकडा, पण नुसतं `udp port 1812` असं फिल्टर लावू नका. वर म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या तुकड्यात पोर्ट नसतो, म्हणजे तो आला तरी या फिल्टरमध्ये दिसणार नाही आणि तुम्ही भलत्यालाच दोष द्याल. असं लावा, पत्ता तुमच्या शाखेतल्या ॲक्सेस पॉइंटचा:

```
tcpdump -vni eth0 'host 10.20.0.5 and (udp port 1812 or (ip[6:2] & 0x1fff) != 0)'
```

लॅपटॉप जोडायला लावा आणि बघा. लहान लहान `Access-Request` आणि त्यांना `Access-Challenge` अशा काही जोड्या दिसतील. मग सर्व्हरचा शेवटचा `Access-Challenge` जाईल आणि त्यापुढे शांतता, किंवा मोठ्या पॅकेटचा फक्त पहिला तुकडा पुन्हा पुन्हा येत राहील, कारण उत्तर नाही म्हणून ॲक्सेस पॉइंट तेच पॅकेट परत पाठवत असतो. अर्धवट पॅकेट कर्नल वरती रेडियसपर्यंत पोचूच देत नाही. लिनक्स ३० सेकंद दुसऱ्या तुकड्याची वाट बघतो आणि मग आलेलाही फेकतो. हे मोजायचं असेल तर

```
nstat -az IpReasmFails
```

हा आकडा प्रत्येक प्रयत्नागणिक वाढताना दिसेल. अर्थात, दोन्ही तुकडे फायरवॉलवरच अडत असतील तर तो हलणार नाही, तेव्हा फक्त यावर विसंबू नका. लॉगमध्ये Accept-Reject काहीच का नाही, तेही आता स्पष्ट आहे. सर्व्हरच्या दृष्टीने बोलणं अर्ध्यातच थांबलं, निकाल द्यायची वेळच आली नाही. फ्रीरेडियस फार तर ‘did not finish’ अशी तक्रार करतो आणि सोबत सर्टिफिकेट तपासायचा सल्ला देतो. त्या सल्ल्यापायी लोक नाहक सर्टिफिकेटं उकरत बसतात.

मात्र दोन्ही तुकडे सर्व्हरवर नीट पोचत असतील, तर माझं निदान चुकीचं. मग सर्व्हरचा स्वतःचा फायरवॉल आणि सर्टिफिकेटची साखळी बघा. आणखी एक शक्यता आहे: तुमच्याकडे कंट्रोलर असेल आणि रेडियसशी ॲक्सेस पॉइंटऐवजी तोच बोलत असेल, तर ऑथेंटिकेटरचा पत्ता कंट्रोलरचा असेल. तो मुख्य ऑफिसात बसलेला असेल, तर रेडियसचं पॅकेट व्हीपीएनमधून जातच नाही. तेव्हा शाखा ते कंट्रोलर या टनेलचा एमटीयू तपासावा लागेल. सर्व्हरला विनंती कुठल्या पत्त्यावरून येते, हे आधी बघून घ्या.

उपायांकडे वळू. या विषयावर शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो `Framed-MTU` १३४४ करा किंवा सर्व्हरचा `fragment_size` कमी करा. तुमच्या बाबतीत त्याने काही होणार नाही. या दोन्हींमुळे सर्व्हर लॅपटॉपकडे किती मोठे तुकडे पाठवतो ते ठरतं. तुमचं पॅकेट उलट दिशेला जाताना मरतंय, आणि त्याचं माप सप्लिकंट ठरवतो. ॲक्सेस पॉइंट ईएपीचे तुकडे स्वतः बदलू शकत नाही. सर्व्हरकडून येणारी दिशा बिघडलेली असती, तर पीईएपीही अडकलं असतं.

सर्टिफिकेट लहान करण्याचंही कुणी सुचवेल. तीन तुकड्यांचे दोन झाले तरी पहिला तुकडा पूर्ण मापाचाच राहतो आणि तोच पडतो. ईसीडीएसएची छोटी की वापरून आणि मधल्या सीएचं सर्टिफिकेट न पाठवता सगळं १२०० बाइटांच्या आत बसवलं तर फरक पडेल, पण त्यासाठी प्रत्येक लॅपटॉपचं सर्टिफिकेट नव्याने काढायचं? मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

लिनक्सवरच्या यंत्रांत नेटवर्कच्या नोंदीत एक ओळ टाकून लगेच पडताळा घेता येतो:

```
fragment_size=1000
```

एवढं करून शाखेतून जोडणी झाली, तर निदान पक्कं. सगळे लॅपटॉप लिनक्सचे असतील तर हाच कायमचा उपायही होऊ शकतो. विंडोजच्या नेहमीच्या वायफाय प्रोफाइलमध्ये मात्र अशी सोय मिळत नाही.

खरा उपाय वाटेवर आहे. व्हीपीएनच्या दोन्ही टोकांच्या फायरवॉलना तुकडे आधी जोडून मग नियम लावायला सांगा, किंवा निदान ॲक्सेस पॉइंट ते रेडियस या दोन पत्त्यांपुरते तुकडे जाऊ द्या. ते जमत नसेल आणि तुमच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये सोय असेल, तर रॅडसेक वापरा. त्यात रेडियस टीएलएसमधून, टीसीपी २०८३ वर जातं. टीसीपी स्वतःच वाटेच्या मापाचे सेगमेंट करतो, त्यामुळे आयपी तुकड्यांचा प्रश्नच येत नाही. नव्याने उभारणी करायची असती तर मी शाखांसाठी थेट हेच घेतलं असतं.

टाइमआउट वाढवून उपयोग नाही, पॅकेट दर वेळी त्याच ठिकाणी पडणार. आणि ‘तात्पुरतं’ म्हणून लॅपटॉपवर सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासणं बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. इथे त्याचा काडीचा संबंध नाही, उलट कुणीही तुमच्या नावाचा एसएसआयडी उभा केला तरी लॅपटॉप त्याच्याशी बोलायला लागतील.

फायरवॉलवाल्यांकडे तिकीट टाकताना ‘वायफाय चालत नाही’ असं लिहू नका, ते तुम्हाला परत ॲक्सेस पॉइंटकडे पाठवतील. ॲक्सेस पॉइंटचा आणि सर्व्हरचा पत्ता द्या, यूडीपी १८१२ लिहा, १६०० बाइटांच्या पॅकेटचा दुसरा आयपी तुकडा पोचत नाही असं लिहा आणि वरचा कॅप्चर जोडा. शाखेतल्या लिनक्स यंत्रावरून `ping -s 1200` आणि `ping -s 1600` सर्व्हरकडे मारून दोन्हींचा निकालही द्या. पहिल्याला उत्तर आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांना लगेच कळतं. पिंगचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून तो पुरावा दुय्यम, मुख्य पुरावा कॅप्चरचाच.

दुरुस्तीनंतर तोच `tcpdump` पुन्हा लावा. मोठ्या विनंतीचे दोन्ही तुकडे, लगेच सर्व्हरची छोटीशी पोच, आणि दोन-तीन फेऱ्यांत `Access-Accept` असं दिसायला हवं. Accept आल्यावरही लॅपटॉप अडकला तर तो फोर-वे हँडशेकचा वेगळा आजार आहे. तसं झालं तर ॲक्सेस पॉइंटचा लॉग इथे टाका.