हिस्सा ठरलेला, वाटणी बोलायची

"वडील जाऊन सहा वर्षं झाली. दोघे भाऊ म्हणतात, गावी ये आणि हक्कसोडपत्रावर सही करून जा. मला माझा हिस्सा हवाय. पण मागितला तर माहेर तुटेल. भावांना पत्र लिहायचं तर कसं लिहू?"

भांडुपला राहणारी ही ताई परळच्या आमच्या सल्ला केंद्रात आली तीच चार पानांचं पत्र घेऊन. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.) त्या चार पानांत सगळं होतं. लग्नात हलक्या वजनाच्या दिलेल्या पाटल्या, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिला दोन महिने स्वतःच्या घरी ठेवून केलेली धावपळ, एका भाऊबीजेला वहिनीनं फिरवलेलं तोंड. जमिनीचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता: "मलाही थोडं काही दिलंत तर उपकार होतील."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. उपकार मागितला की देणाऱ्याला "नाही" म्हणायची मोकळीक आपणच देतो, आणि आधीच्या चार पानांमुळे ते "नाही" सोपंही होतं, कारण भाऊ उत्तर देणार ते पाटल्यांना. जमीन बाजूला राहते. मी तिला ती पानं जपून ठेवायला सांगितलं. ते दुःख खरं होतं, त्यावर आम्ही पुढच्या तीन भेटी बोललो. पण वाटणीचं पत्र वेगळं असायला हवं होतं.

पत्राआधी सातबारा काढला. सातारा जिल्ह्यातली आठ एकर जमीन, तीन गटांत. भोगवटादार म्हणून आई आणि दोन भाऊ; ताईचं नाव खाली, 'इतर अधिकार'मध्ये. ते पाहून ती खचली. "म्हणजे मला काहीच नाही ना?" हा गैरसमज मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकला आहे की सावकाश सांगते. वारसाचा फेरफार ही महसुली नोंद असते. तिच्यामुळे हक्क निर्माण होत नाही आणि बुडतही नाही. हक्क येतो तो 1956च्या हिंदू वारसा कायद्यातून आणि त्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीतून. त्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं मुलाइतकीच हिस्सेदार झाली. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्राचं मात्र तसं नाही. ते नोंदवलं गेलं की हिस्सा खरोखरच जातो, आणि ते रद्द करून घेणं फार कठीण असतं. म्हणून पत्राचं उत्तर येईपर्यंत कोणत्याही कागदावर सही करायची नाही, एवढं तिनं पक्कं केलं.

मग हिस्सा किती? इथे "जमीन वडिलोपार्जित की बाबांनी घेतलेली" हा वाद नेहमी निघतो. या घरात त्यानं फरकच पडत नव्हता. बाबांनी घेतलेली धरली, मृत्युपत्र नाही, तर आई आणि तीन मुलं असे चार सारखे वारस. वडिलोपार्जित धरली आणि आधी कधी रीतसर वाटप झालेलं नाही, तर बाबा, आई आणि तीन मुलं असे आधी पाच हिस्से. मग बाबांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत. बेरीज केली की दोन्ही वाटांनी प्रत्येकाला चौथा हिस्साच येतो. आठ एकरांत दोन एकर. हा हिशोब ताईनं स्वतःच्या हातानं वहीत केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला.

नवं पत्र एका पानाचं झालं. तिच्या परवानगीनं त्यातला मुख्य भाग देते:

"तीर्थस्वरूप दादाला नमस्कार, चि. बाळूला आशीर्वाद. हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही, हे आधी सांगते, म्हणजे तुमची खेप वाया जायला नको. बाबांच्या जमिनीत आईचा, तुम्हा दोघांचा आणि माझा सारखा चौथा हिस्सा आहे. तो मी ठेवणार आहे. कुठली जमीन कोणाकडे जावी, हे मात्र आपण चौघांनी बसून ठरवू. माझं म्हणणं असं: विहिरीजवळचा मळा दादा कसतो, पाइपलाइन त्यानं स्वतःच्या पैशानं टाकली, तो मळा त्याच्याकडे राहावा. मला रस्त्यालगतच्या जिरायतीतले दोन एकर चालतील. विहिरीच्या पाण्यावर मी हक्क सांगणार नाही. बाळूच्या वाट्याला माळ जास्त येत असेल, तर त्याला क्षेत्र वाढवून देऊ, त्यासाठी माझे पाच गुंठे कमी झाले तरी चालतील. आईचा हिस्सा आईच्या नावावर राहावा, त्याचं काय करायचं ते तिनं ठरवावं. पंधरा तारखेच्या रविवारी मी येते."

हक्काचं वाक्य विधान आहे, त्यात विनंती नाही. वाटणीची वाक्यं मात्र सगळी बदलता येण्यासारखी आहेत. पहिल्या खर्ड्यात नेमकं उलटं होतं: हक्काबद्दल आर्जव आणि वागणुकीबद्दल निकाल. भावाच्या कष्टांची नोंद गोड बोलण्यासाठी घातलेली नाही. बागायत आणि माळ यांची किंमत सारखी नसते, म्हणून नुसत्या एकरांवर केलेली वाटणी न्याय्य होत नाही, आणि ज्यानं पाणी आणलं त्याचा मळा मोडला तर तो आयुष्यभर विसरत नाही. तुकडेबंदीही पाहावी लागते. जिरायतीत 20 गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडायला जाऊ नये. इथे तो प्रश्न नव्हता.

"तुझ्या लग्नाला खर्च झाला" हे उत्तर येणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. लग्नाचा खर्च कायद्यानं हिश्श्यातून वजा होत नाही. पण ते पत्रात लिहू नये. बोलणं निघालंच तर एका वाक्यात सांगावं आणि जमिनीच्या बोलण्यावर परत यावं. पत्र दोघा भावांना एकाच दिवशी, एकसारखं जावं, प्रत आपल्याकडे राहावी. घरच्या ग्रुपवर टाकू नये. तिथे भाच्यांसमोर भावाला मागे हटता येत नाही. भाऊबीजेच्या ताटापाशी हा विषय काढू नये, हे तिलाच आधी सुचलं.

सगळे राजी असले की जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे एकत्र अर्ज करून वाटप होतं. एकानं जरी तिचा हक्कच नाकारला, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. ताईला हे दोन्ही माहीत होतं. पत्रात तिनं कोर्टाचं नाव घेतलं नाही, कारण पहिल्याच पत्रात धमकी गेली की पुढचं बोलणं वकील करतात.

धाकट्याचा फोन चौथ्या दिवशी आला. दादा सात आठवडे बोलला नाही. ते आठवडे फार वाईट गेले. दोनदा तिनं मला विचारलं, सही करून मोकळी होऊ का? मी तिला पत्राची प्रत पुन्हा वाचायला सांगितली: यातलं कोणतं वाक्य खोटं किंवा कडू आहे? एकही सापडलं नाही. रविवारच्या बैठकीला दादा आलाच नाही. आई मात्र बोलली, "माझ्या तिघांच्या ताटात मी कधी कमीजास्त वाढलं नाही," आणि स्वतःचा हिस्सा स्वतःच्या नावावर ठेवायचं तिनं तिथेच सांगितलं.

पुढे रस्त्यालगतचे दोन एकर न मिळता दीड एकर ठरले, उरलेले वीस गुंठे ओढ्याच्या बाजूला. ताईनं ते मान्य केलं. अर्जावर दादानं सही केली, तिच्याशी न बोलता. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, वाटणीनंतरचा पहिला. म्हणाला, "मंगळवारी मोजणी आहे. हद्दीच्या खुणा तुझ्यासमोर रोवायच्या आहेत. सकाळच्या गाडीनं ये, उन्हं वर यायच्या आत."