उत्तरं मीच दिली

ताई, मी बेळगावात उद्यमबागेत कामाला आहे, घर खानापूर तालुक्यात. आमच्या आप्पांचं वय 61. चार महिने झाले, पहाटे तीनला उठून गोठ्यात जाऊन बसतात. भजनाला जायचं सोडलं, जेवण निम्म्यावर आलं. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आप्पांना कन्नड येत नाही, म्हणून उत्तरं मीच दिली. गोळ्या मिळाल्या, पण ‘मी काय येडा हाय काय’ म्हणून घेत नाहीत. काका म्हणतात, परत तिकडं नेलंस तर बहिणीचं लग्न जमणार नाही. काकांना कसं समजावू?
– एक मुलगा

काकांना सोड. वयानं माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. पत्रातलं एक वाक्य तू घाईत लिहून पुढे गेलास, मी मात्र तिथंच अडकून बसले आहे. ‘उत्तरं मीच दिली.’ म्हणजे आप्पा अजून डॉक्टरांना भेटलेलेच नाहीत. भेटलास तू.

खोलीत काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं, कारण आपल्या भागात मी ते पुष्कळदा पाहिलं आहे. डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, ‘बेजार आगैतेन?’ कन्नडमध्ये ‘बेजार’ म्हणजे मन उदास होणं, कशातच जीव न लागणं. आपण मराठीत बेजार होतो ते उन्हानं, डासांनी, नाहीतर पोरांच्या दंग्यानं. तू आप्पांना विचारलंस, ‘कशानं बेजार झालायसा काय?’ आप्पा म्हणाले, ‘नाही बा.’ आणि तू डॉक्टरांना सांगितलंस, ‘इल्ला.’ शब्द तोच, पण प्रश्न वाटेतच बदलला. त्यानंतर डॉक्टरांनी जगण्याचा कंटाळा येतो का, असंही विचारलं असणार, ते विचारतातच. हा प्रश्न स्वतःच्या बापाला विचारायला तुझी जीभ वळली का? खरं सांग. बहुतेक तू ‘लई टेन्शन घेता काय’ एवढंच विचारलं असशील.

तुला बोल लावत नाही, कारण हे मी स्वतः केलं आहे. चोवीस वर्षांची असताना आत्याबरोबर एका मोठ्या दवाखान्यात दुभाषी म्हणून बसले होते. आत्या म्हणाली, ‘विहिरीवर गेलं की आत बघत उभी राहते गं मी.’ मी डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगितलं, झोप नीट लागत नाही. मला लाज वाटली. आपल्या घरातलं असलं काही परक्यासमोर कसं सांगायचं, असं वाटलं. झोपेची गोळी घेऊन आम्ही घरी आलो. पुढं महिनाभरानं एका मराठी नर्सनं मला बाहेर काढून तिला एकटीला बसवलं, तेव्हा विहीर बाहेर आली आणि खरे उपचार सुरू झाले. आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली. पण तो एक महिना माझ्या नावावर आहे.

मुलानं दुभाषी होऊ नये, ते एवढ्यासाठी. तुझं कन्नड चांगलंच असेल, अडचण तिथं नाही. पण बाप मुलाच्या तोंडावर रडत नाही, कर्जाचं बोलत नाही, कशाची भीती वाटते ते सांगत नाही. आणि मुलगा ऐकलेलं जसंच्या तसं पुढे देत नाही, थोडं झाकतोच. आप्पांना काय झालं आहे, त्याचं नाव मी पत्रावरून सांगणार नाही. डॉक्टरांनाही ते आप्पांच्या तोंडूनच कळायला हवं.

गोळ्यांचं कोडंही इथंच सुटतं. गोळी कशासाठी, किती दिवस, पहिले काही दिवस काय त्रास होऊ शकतो, हे आप्पांना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलं? त्यांच्या हातात फक्त पुडी आली. मग माणूस म्हणणारच, मी काय येडा हाय काय.

तेव्हा आता एकच कर: आप्पांना परत ने, आणि या वेळी तू खोलीबाहेर बस.

कर्नाटकात मनोचैतन्य योजनेत तालुक्याच्या दवाखान्यांत मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ येतात. या मंगळवारी येणार आहेत ना, ते आदल्या दिवशी विचारून घे. आत गेल्यावर पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोलू नकोस. ‘डॉक्टर, तुम्हाला मराठी समजतं का? आप्पांना स्वतः बोलायचं आहे’, असं मराठीतच विचार. आपल्या जिल्ह्यात कितीतरी डॉक्टरांना कामापुरतं मराठी येतं, पण नातेवाईकानंच कन्नडमध्ये सुरुवात केली की ते कशाला मराठीत शिरतील? येत नसेल, तर दोन्ही भाषा जाणणारी नर्स नाहीतर कर्मचारी मागून घे. आप्पांच्या गावचा, ओळखीचा माणूस नको. जो कुणी बसेल, त्याला एवढंच सांग की सारांश करू नका, आप्पा ‘मी’ म्हणाले की तुम्हीही ‘मी’च म्हणा. चार महिन्यांत घरी जे पाहिलंस, ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दे आणि बाहेर ये.

मंगळवार लांब असेल, तर आज रात्रीच 14416 लाव. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते. भाषा निवडायची वेळ आली की मराठी निवड. समुपदेशक आले की आपलं नाव सांग, फोन आप्पांच्या हातात दे आणि अंगणात जा. पहाटे तीनला जागाच असतो माणूस, त्या वेळीही तिकडे कुणीतरी असतं. गोठ्यात बसून बोलले तरी चालेल. म्हशी कुणाला सांगत नाहीत.

एक प्रश्न मात्र घरी तुलाच विचारायचा आहे, आणि तो सरळ विचारायचा: ‘आप्पा, जीव नकोसा वाटतो का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही, ती भीती खोटी आहे. ‘हो’ म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले, तर मंगळवारची वाट बघू नकोस. त्यांना एकटं सोडू नकोस, फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर दुसऱ्याच्या कुलपात ठेव, आणि 108 बोलावून नाहीतर मिळेल त्या गाडीनं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ने.

बहिणीच्या लग्नाचं म्हणशील तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, दवाखाना ती सोयऱ्याधायऱ्यांना सांगू शकत नाही. गावात बातमी गेलीच तर ती काकांच्याच तोंडून जाईल, म्हणून त्यांना तारीख कळवायची काही गरज नाही.

मंगळवारी आप्पा आत गेले की फाटकाजवळ चहाचा गाडा असेल तिथं जाऊन बस. दाराशी कान लावू नकोस. पाच मिनिटांत बाहेर आले नाहीत तर घाबरू नकोस, दुसरा चहा घे. आणि बाहेर आले की ‘काय सांगितलं?’ असं विचारायचं नाही. गाडीची किल्ली काढ आणि त्यांना घरी घेऊन जा.