भोसरीतल्या वर्कशॉपसाठी सीएनसी ऑपरेटर शोधताय ना, मग जाहिरात अशी लिहा

दादा, "आकर्षक पगार" काढून टाका आधी, आयटीआय झालेली मुलं तो शब्द वाचून पुढे जातात. हातात किती पडणार तो आकडा लिहा, पीएफ-ईएसआय कापून, आणि पगार कुठल्या तारखेला होतो तेही. मशीन टर्निंग सेंटर का व्हीएमसी, कंट्रोल फॅनुक का सीमेन्स, सेटिंग स्वतः करायचं का फक्त लोडिंग, हे सांगितलं की चुकीचे फोन कमी येतात. कंपनीच्या रोलवर का कॉन्ट्रॅक्टवर ते तर स्पष्टच लिहा. ओटी डबल रेटने देत असाल तरच लिहा, कारण पहिल्या पगाराच्या स्लिपमध्ये ते दिसलं नाही तर तो पोरगा त्याच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सांगणार, आणि तुमची पुढची जाहिरात तीच मुलं वाचणार आहेत.