शेवटचा ठिपका म्हणजे व्हीमॅक्स नव्हे

प्रश्न: एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला एन्झाइम कायनेटिक्सवर प्रेझेंटेशन आहे. शेवटी वर्गाला पाच-सहा प्रश्न विचारायचे आहेत, पण फॉर्म्युला पाठ आहे का हे बघणारे नकोत, आलेख वाचता येतो का हे बघणारे हवेत. कसे काढू?

पाच-सहा काढू नका. दोन-तीनच काढा, पण प्रत्येकाला पेन्सिल हातात घेऊन रेघ मारावी लागेल असे.

पहिला माझ्याकडून घ्या. फळ्यावर एकसारखे दिसणारे दोन कर्व्ह काढा, दोन्ही झपकन वर चढून सपाट होणारे. एकाच्या आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर तयार झालेला प्रॉडक्ट. दुसऱ्याच्या आडव्यावर सब्स्ट्रेट, समजा साखर, आणि उभ्यावर वेग. मग सांगा, एन्झाइम दुप्पट केलं, आता दोन्हींवर नवी रेघ काढा. अर्धा वर्ग दोन्हीकडे सपाटी दुप्पट उंच काढतो. दुसऱ्या आलेखात ते बरोबर आहे. पहिल्यात मात्र सपाटी तिथंच राहते, फक्त लवकर गाठली जाते, कारण तिथं साखरच संपलेली असते. एन्झाइम वाढवलं म्हणून साखर कुठून वाढणार? पहिल्यातली सपाटी साखर संपल्याची, दुसऱ्यातली एन्झाइमला उसंत नसल्याची. हे कळलेल्याला फॉर्म्युला आठवला नाही तरी मी पास करीन.

आता तुमचा प्रश्न वाचून मला हे लिहायला का बसावंसं वाटलं ते सांगतो.

मी सांगलीत शिकलो. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला इन्व्हर्टेज घेतलं होतं. घरचा ऊस, त्यामुळं उसाच्या साखरेचे दोन तुकडे करणारं एन्झाइम मला आपलंच वाटायचं. (तोडलेला ऊस गाडीत पडून राहिला की उतारा घसरतो, त्यात ह्याचाही हात असतो, हे वडिलांना मी त्या वर्षी मोठ्या ऐटीत समजावलं होतं.) मिरजेच्या बेकरीतून यीस्ट आणायचं, खलात घोटायचं, गाळायचं, आणि वेगवेगळ्या साखरेच्या नळ्यांत घालून बरोबर एका मिनिटाला डीएनएसए ओतून थांबवायचं. उकळलं की नारिंगी-लाल रंग, मग कलरीमीटर. साखर ५, १०, २० आणि ४० मिलिमोलर. पुढं ८० आणि १६० करायच्या होत्या, पण त्या आठवड्यात लोडशेडिंगनं वॉटरबाथ गार, आणि सबमिशन परवावर. आलेख ४०लाच थांबला.

आकडे जरा गोल करून देतो. दर मिनिटाला किती मिलिमोलर साखर तुटली, तर ५ला ०.४, १०ला ०.६७, २०ला १ आणि ४०ला १.३३.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्लाइडकडे बघून विचारलं, "व्हीमॅक्स किती?" म्हणजे एन्झाइमचा कमाल वेग किती. मी म्हणालो, "सर, ह्या आलेखावरून सांगता येणार नाही. १.३३पेक्षा जास्त आहे एवढंच दिसतंय." ते म्हणाले, "सांगता येणार नाही म्हणजे? शेवटचा पॉइंट १.३३ आहे ना? त्याचा अर्धा घ्या, खाली उतरा, केएम सांगा." केएम म्हणजे जेवढ्या साखरेला व्हीमॅक्सच्या अर्धा वेग मिळतो तेवढी साखर. मी म्हणालो, रेघ अजून सपाट झालेली नाही. त्यावर ते म्हणाले, "समीकरण लिहा." हात घामानं भिजलेला, मी छेदात अधिकच्या जागी गुणिले लिहिलं. झालं! मार्कशीटवर काय पडलं ते विचारू नका. आमच्या मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

आता तुम्हीच आलेख वाचा, समीकरण बाजूला ठेवून. साखर २०वरून ४० केली तेव्हा वेग १वरून १.३३वर गेला, म्हणजे शेवटच्या दुपटीलासुद्धा एक तृतीयांशानं वाढला. सपाटीला आलेला कर्व्ह असा वागत नाही. सरांच्या पद्धतीनं १.३३चा अर्धा ०.६७, आणि तो १० मिलिमोलरला लागतो, म्हणून केएम १०. नंतर एका मित्राच्या लॅबमध्ये मी त्याच यीस्टवर २००पर्यंत नळ्या लावल्या. व्हीमॅक्स २च्या आसपास आला, केएम २०च्या आसपास. सरांचा केएम बरोबर निम्मा निघाला होता. हा योगायोग नव्हे: ४० म्हणजे केएमच्या दुप्पट, आणि तिथं वेग व्हीमॅक्सच्या दोन तृतीयांशच असतो. केएमच्या दहापट साखर घातली तरी ९१ टक्केच मिळतात. डोळ्याला सपाट दिसतं म्हणून ते व्हीमॅक्स होत नाही.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न हाच ठेवा. हाच अर्धवट आलेख दाखवा आणि विचारा, यावरून काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही? "सांगता येत नाही" ह्याला पूर्ण मार्क द्या. मग त्याच आलेखावर कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटरची, म्हणजे एन्झाइमवर साखरेची जागा अडवणाऱ्या रेणूची, रेघ काढा, तीही ४०ला तोडलेली. केएम तिप्पट दिसायला लावणारा इनहिबिटर असेल तर तिथं वेग १.३३ऐवजी ०.८ दिसेल, आणि वर्ग ओरडेल, "व्हीमॅक्स कमी झाला, नॉनकॉम्पिटिटिव्ह!" त्यांना कागद उजवीकडे वाढवून दोन्ही रेघा पुढं न्यायला सांगा, शेवटी दोन्ही त्याच व्हीमॅक्सकडे जातात.

सरांनी मला खरं विचारायला हवं होतं ते वेगळंच. "हा ०.४ किती मिनिटांवरून काढलास?" मी एक मिनिट घेतलं होतं म्हणून वाचलो. पुष्कळ मॅन्युअलमध्ये दहा मिनिटं लिहिलेली असतात. ५ मिलिमोलरच्या नळीत ०.४च्या वेगानं दहा मिनिटांत ४ तुटायला हवी, पण साखर संपत जाते तसा वेग पडतो, आणि प्रत्यक्षात ३सुद्धा तुटत नाही. ८०च्या नळीला त्याचा फारसा फरक पडत नाही. म्हणजे डावीकडचेच ठिपके खाली ओढले जातात आणि केएम फुगतो. मायकेलिस आणि मेंटेन ह्यांनी १९१३ साली ह्याच इन्व्हर्टेजवर सुरुवातीचेच वेग धरले होते, ते उगाच नाही. ही शंका आली तर वेळ निम्मी करून बघायची. रीडिंग निम्मं झालं नाही तर वेळ आणि प्रॉडक्टची रेघ सरळ नव्हती.

एक मात्र कबूल करतो. वर मी "दोन तृतीयांश" म्हणालो, ते समीकरणाशिवाय मला सांगता आलं नसतं, तेव्हा फॉर्म्युला अगदीच टाकू नका: v = Vmax × [S] / (Km + [S]). छेदात अधिक आहे. आणि "आलेख उजवीकडे वाढवा" हेही इन्व्हर्टेजला कितीही चालत नाही. साखर फारच वाढवली की वेग उलट उतरायला लागतो. तुमच्या वर्गात कोणी तसा उतरता कर्व्ह दाखवून व्हीमॅक्स विचारला, तर तिथंही "ह्यावरून थेट सांगता येणार नाही" म्हणा, आणि परीक्षक बाहेरचे असतील तर आधी छेद तपासून घ्या.